गेमचं क्रियापद शोधा: एका चेकपोस्टवरून सेमिनार कसा बांधायचा

प्रश्न: न्यू मीडियाच्या सेमिनारला 'व्हिडिओ गेम्स हे संवादाचं माध्यम' हा विषय घेतलाय. नॅरेटिव्ह, इंटरॅक्टिव्हिटी आणि प्लेयर आयडेंटिटी हे तिन्ही यायला हवं. पहिला ड्राफ्ट दाखवला तर मॅडम म्हणाल्या, ही तर गेमची स्टोरी झाली, यात संवाद कुठेय? 20 मिनिटं आहेत. कुठला गेम घेऊ आणि तिन्ही गोष्टी एकत्र कशा बांधू?

उत्तर:

मॅडमचं बरोबर आहे, आणि ही चूक जवळजवळ सगळेच करतात. तीन शब्द मिळाले की आपण तीन स्लाइड करतो, पहिलीवर कथा सांगतो, दुसरीवर 'यात इतके एंडिंग्ज आहेत' म्हणतो, तिसरीवर 'प्लेयर कॅरेक्टरशी आयडेंटिफाय होतो' असं एक वाक्य टाकतो आणि संपलं. पण गेममध्ये या तीन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यात नसतातच, त्या एकाच क्षणी होतात, प्लेयर बटण दाबतो त्या क्षणी. तुमची खरी अडचण ही आहे की तुमच्याकडे तो क्षण नाहीये. एक क्षण पकडलात की तिन्ही गोष्टी त्यातूनच निघतात.

मी बरीच वर्षं गेम्ससाठी लिहिते आणि प्लेटेस्ट घेते, म्हणजे लोकांच्या मागे वही घेऊन बसते आणि ते काय करतात, काय बडबडतात ते टिपते. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूचं असणार. तुमचा सेमिनार साहित्याच्या अंगाने जाणारा असेल तर परीक्षक कथनाबद्दल जास्त विचारतील, कम्युनिकेशन थिअरीवाले असतील तर प्रेषक कोण, ग्राहक कोण हे विचारतील. ते तुम्हालाच बघावं लागेल. गेम मात्र मी एकच सांगेन, 'पेपर्स, प्लीज', लुकास पोप या डिझायनरने जवळपास एकट्याने केलेला, 2013 चा. लहान आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो, आणि यात कथा इतकी थोडी आहे की तुम्हाला 'स्टोरी सांगण्याची' सोयच उरत नाही.

माहीत नसेल तर थोडक्यात. साल 1982, आर्स्टोट्स्का नावाचा काल्पनिक हुकूमशाही देश. तुम्हाला सरकारी लॉटरीत नोकरी लागते, सीमेवरच्या बूथमध्ये बसून कागद तपासायची. माणूस येतो, पासपोर्ट टेबलावर टाकतो, तुम्ही तारीख, फोटो, शहराचं नाव, लिंग, एक्स्पायरी बघता आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारता. पहिल्या दिवशी फक्त आपल्याच देशाचे लोक आत सोडायचे असतात, मग परदेशी येऊ लागतात, मग त्यांना तिकीट लागतं, मग परमिट, मग कामासाठी आलेल्यांना वेगळं परमिट, असं रोज एकेक कलम वाढत जातं. दिवसाचं काम वेळेत बांधलेलं असतं आणि तुम्ही किती जण उरकले त्यावर पगार, माणशी 5 क्रेडिट. संध्याकाळी हिशोबाचा पडदा येतो, भाडं, जेवण, हीटिंग, आणि त्याखाली घरच्यांची यादी, बायको, मुलगा, सासू, काका, आणि प्रत्येकापुढे एकेक शब्द, ठीक, उपाशी, गारठलेला, आजारी. असे जास्तीत जास्त 31 दिवस.

आता इथे थांबा आणि स्वतःला विचारा, या गेमचं क्रियापद काय? माझ्या कामात मी कुठलाही गेम हातात आला की पहिल्यांदा हेच विचारते. कादंबरीत क्रियापदं पात्रांची असतात, 'त्याने दार उघडलं', आपण वाचतो. गेममध्ये लेखक नामं मांडून ठेवतो, कुठलं क्रियापद करता येईल ते ठरवतो, त्याची किंमत ठरवतो, आणि मग वाक्य अर्धवट सोडून देतो. ते पुरं करतो प्लेयर. 'पेपर्स, प्लीज'मध्ये क्रियापदं फार थोडी आहेत: बघणं, ताडून पाहणं, प्रश्न विचारणं, शिक्का मारणं, पुढे अटक करणं. दिलासा देणं नाही, रांगेत जाऊन मदत करणं नाही, साहेबांशी वाद घालणं नाही. जे क्रियापद दिलंच नाही तेही डिझायनरचं बोलणंच आहे, आणि हे सेमिनारमध्ये जरूर म्हणा कारण बहुतेकांचं लक्ष फक्त असलेल्या गोष्टींकडे जातं.

इयन बोगोस्ट या गेम अभ्यासकाने 2007 मध्ये याला 'प्रोसीजरल ऱ्हेटरिक' असं नाव दिलं, म्हणजे नियमांनी आणि प्रक्रियेने केलेलं प्रतिपादन. भाषण शब्दांनी पटवतं, फोटो चित्राने पटवतो, गेम 'असं केलं की असं होतं' हे तुमच्याच हातून करवून घेऊन पटवतो. शब्द तुम्हाला अभ्यासक्रमात मिळेलच, पण तो शब्द स्लाइडवर टाकून पुढे जाऊ नका, तो एका जागी उघडून दाखवा. ती जागा सांगते.

पाचव्या दिवशी एक नवरा-बायको येतात. आधी नवरा. त्याचे कागद चोख असतात, तो जाता जाता म्हणतो की माझ्यानंतर माझी बायको आहे, तिच्याशी जरा नीट वागा. पुढची बाई येते, तिच्याकडे एंट्री परमिट नाही. विचारलं तर म्हणते, परत पाठवलंत तर मला मारतील. बस, एवढंच. ना फ्लॅशबॅक, ना संगीत चढतं, ना कॅमेरा जवळ जातो. तुमच्या समोर एक अपूर्ण कागद, दोन शिक्के आणि मागे रांग.

आत सोडलंत तर काय होतं ते बारकाईने बघा. बाई निघून जाते, एखाद-दोन सेकंद काहीच होत नाही, आणि मग टेबलाकडचं मशीन करकरत एक चिठ्ठी छापतं, नियमभंग. इथे एक गंमत आहे जी नुसती कथा सांगणाऱ्याला कधीच दिसत नाही. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद असते, दंड नसतो. दंड तिसऱ्यापासून. म्हणजे तुम्ही सकाळपासून चोख काम केलं असेल तर या बाईला आत सोडल्याबद्दल दंड भरावा लागत नाही. पण घाईत आधीच दोनदा चुकला असाल, एखादी एक्स्पायर झालेली तारीख सुटली, कुणाचा फोटो नीट बघितला नाही, तर तिच्यावर दया करणं थेट तुमच्या मुलाच्या औषधातून जातं.

आता प्लेयर काय करायला लागतो? एक-दोन दिवसांत त्याच्या लक्षात येतं की रोज दोन चुका 'पदरात' आहेत, आणि तो त्या जपून ठेवायला लागतो. मी एका टेस्टरला तोंडाने म्हणताना ऐकलंय, "आज एक वापरली, एक शिल्लक आहे, बघू कोण येतंय." म्हणजे दयेचं रेशन कार्ड झालं! हे वाक्य गेमच्या संवादांत कुठेही लिहिलेलं नाही, कुठल्याही पात्राच्या तोंडी नाही. नियम होता 'पहिल्या दोन चुका माफ', त्यातून वागणूक तयार झाली 'चुका साठवून ठेवा', आणि त्या वागणुकीतून जाणवलं ते असं की या व्यवस्थेत चांगुलपणासुद्धा कोट्याप्रमाणेच मिळतो. डिझाइनमध्ये या तीन पायऱ्यांना मेकॅनिक्स, डायनॅमिक्स, एस्थेटिक्स म्हणतात, हनिकी, लेब्लांक आणि झुबेक यांच्या 2004 च्या पेपरपासून हे त्रिकूट सगळीकडे वापरतात. त्यांचा एक मुद्दा तुमच्या फार कामाचा आहे: डिझायनर नियमाकडून अनुभवाकडे बघतो आणि प्लेयर अनुभवाकडून नियमाकडे. दोघं एकाच नळीतून विरुद्ध टोकांनी बघतायत. डिझायनर मधल्या पायरीवर थेट काही लिहू शकत नाही, फक्त नियम हलवून बघू शकतो. संवादाचं माध्यम म्हणून गेम वेगळा कुठे पडतो, तर इथे.

आणि हे हुकतं कसं तेही सांगा, नाहीतर सेमिनार कौतुकसोहळा होतो. माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही एक छोटा प्रोटोटाइप केला होता, पूरग्रस्तांच्या छावणीत पाणी वाटायचं. दहा तंबू, एक कॅन, दिवस मावळायच्या आत फेऱ्या मारायच्या. म्हणायचं असं होतं की वाटप न्याय्य करणं अवघड असतं. सगळ्यात टोकाच्या तंबूत मी एक आजोबा ठेवले होते आणि त्यांच्यासाठी फार जीव लावून संवाद लिहिले होते, त्यांची हरवलेली म्हैस वगैरे. ज्यांच्यासाठी करत होतो त्यांनी आग्रह धरला की कोपऱ्यात स्कोअर दिसायलाच हवा, 'किती लोकांना पाणी मिळालं', आम्हीही हो म्हटलं, त्यात काय एवढं असं वाटलं. टेस्टला पहिला मुलगा बसला, दोन दिवस नीट खेळला, तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की जवळच्या चार तंबूंतच फेऱ्या मारल्या तर आकडा भराभर चढतो कारण चालण्यात वेळ जात नाही. मी विचारलं, आणि ते आजोबा? तर म्हणाला, "ते लांब राहतात हो, परवडत नाही." पुढच्या सहापैकी पाच जणांनी तेच केलं. आमचा गेम चोख सांगत होता की लांबच्या माणसाला सोडून देणं शहाणपणाचं आहे! माझे संवाद एक बोलत होते, नियम दुसरंच, आणि लोकांनी नियमाचं ऐकलं. तसंच ऐकतात, प्रत्येक वेळी.

कथा आणि नियम असे एकमेकांच्या विरोधात बोलू लागले की त्याला 'ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' म्हणतात, क्लिंट हॉकिंग या डिझायनरने 2007 मध्ये 'बायोशॉक' या गेमवर टीका करताना हा शब्द आणला. शब्द जरा मिरवायचा झालाय, कुठेही चिकटवतात, तेव्हा जपून. तो ओळखायची माझी पद्धत साधी आहे. गेमचे सगळे संवाद म्यूट करा, टेक्स्ट झाका, कुणाला तरी अर्धा तास खेळू द्या आणि मग विचारा की इथे कसं वागलं की फायदा होतो. मग संवाद वाचून विचारा की हा गेम काय सांगू बघतोय. दोन उत्तरं जुळली नाहीत तर फट सापडली. 'पेपर्स, प्लीज'ला ही कसोटी जशीच्या तशी लावता येणार नाही, कारण त्यात वाचणं हेच काम आहे, टेक्स्ट झाकलं तर गेमच बंद पडेल. पण त्यासाठी आणखी चांगली सोय गेममध्येच आहे.

ती म्हणजे एंडलेस मोड. कथा शेवटच्या, विसाव्या एंडिंगपर्यंत नेली की तो उघडतो (म्हणून सेमिनारच्या आदल्या रात्री बसू नका, आधीच खेळून ठेवा). त्यात बूथ तोच, शिक्के तेच, नियम तसेच, पण घरचे लोक नाहीत, भाडं नाही, नवरा-बायको नाहीत. फक्त गुण. हा तुमच्यासाठी आयता प्रयोग आहे, क्रियापद तेच ठेवून आजूबाजूचं वाक्य काढून टाकलेलं. मी हे ओळीने खेळायला देते, आधी कथा, मग एंडलेस, आणि माणसं अक्षरशः बदलतात. कथेत रांगेतल्या चेहऱ्याकडे एकदा तरी बघणारी मुलगी एंडलेसमध्ये पासपोर्ट हिसकावून घेतल्यासारखी ओढते, लाल शिक्का मारला की तिला 'पकडलं!' असा आनंद होतो. तोच शिक्का कथेत ओझं होता, इथे खेळ झाला.

यातून नॅरेटिव्हबद्दल एक नेमकी गोष्ट म्हणता येते. कथेचं काम इथे घटना सांगणं हे नाहीच. कथा क्रियापदाला किंमत लावते. संध्याकाळच्या यादीतला 'आजारी' हा एक शब्द नसेल तर शिक्क्याला वजन नाही. आणि गंमत बघा, ते घरचे लोक गेममध्ये रोज भेटत बसत नाहीत, हिशोबाच्या पडद्यावर नुसते शब्द म्हणून असतात. रांगेतल्या परक्या माणसाला चेहरा आहे, आवाज आहे, आणि घरचा माणूस म्हणजे ताळेबंदातली एक ओळ. मला वाटतं हे फार हुशार आहे, कारण कामावरून थकून आलेल्या माणसाला घर तसंच दिसत असणार.

इंटरॅक्टिव्हिटीबद्दल मात्र एंडिंग्ज मोजू नका. याला 20 एंडिंग्ज आहेत, हा आकडा स्लाइडवर छान दिसतो, पण बहुतेक लोक एक-दोनच बघतात आणि त्यांना जे पोचायचं ते त्याआधीच पोचलेलं असतं, शेकडो वेळा मारलेल्या शिक्क्यातून. टेबलाचंच बघा ना. ते मुद्दाम लहान ठेवलंय. पासपोर्ट, परमिट, नियमपुस्तिका, सगळं एकमेकांवर चढतं, एक ओढलं की दुसरं झाकलं जातं, आणि दिवस पुढे जातील तसे कागद वाढतात पण टेबल वाढत नाही. तिसऱ्या आठवड्याला प्लेयर माणसाकडे बघणं आपोआप सोडतो, कारण मान वर करायला वेळच नाही. नोकरशाही माणसाला कसं आंधळं करते याच्यावर तुम्ही चार पानं लिहू शकता, इथे ते माउसच्या हालचालीत होतं. निवड म्हणजे इंटरॅक्टिव्हिटी असं धरून बसलात तर हे सगळं हातातून जाईल.

आता आयडेंटिटी. इथे सगळ्यात जास्त ढोबळ बोललं जातं. 'प्लेयर म्हणजेच कॅरेक्टर' असं काही नसतं. जेम्स पॉल जी या भाषाशास्त्रज्ञाने 2003 मध्ये तीन ओळखी सांगितल्या: एक खुर्चीत बसलेला खरा माणूस, दुसरी पडद्यावरचं पात्र, आणि तिसरी या दोघांच्या मधली, म्हणजे 'माझा इन्स्पेक्टर कसा असावा' असं मी त्याच्यावर लादलेलं. तिसरी ओळख सगळ्यात महत्त्वाची, कारण लाज, अभिमान, अपराधीपणा हे सगळं तिथे घडतं. 'माझा इन्स्पेक्टर लाच घेत नाही' असं ठरवून बसलेला माणूस एखाद्या दिवशी हीटिंगसाठी लाच घेतो तेव्हा पडद्यावरच्या पात्राला काही वाटत नसतं, वाटतं ते याला.

हे दाखवायचं कसं? इथे मराठी तुमच्या मदतीला येते. कुणाला तरी खेळताना मोठ्याने बोलायला सांगा आणि फक्त क्रियापदं टिपा. इंग्रजीत टिपणाऱ्याला 'आय' आणि 'ही' एवढंच मिळतं, आपल्याला त्याहून बरंच मिळतं. मुलगी पुरुष पात्र खेळत असेल तर ती 'मी अडकले' म्हणते की 'मी अडकलो' म्हणते की 'तो अडकला'? तीनही मी ऐकलेत, आणि एकाच मुलीच्या तोंडून अर्ध्या तासात तीनही ऐकलेत. 'मी अडकले' म्हणजे तिचं स्वतःचं मी, 'मी अडकलो' म्हणजे पात्राचं मी अंगावर घेतलेलं, 'तो अडकला' म्हणजे बाजूला झाली. (भूतकाळातलं सकर्मक क्रियापद मात्र दगा देतं, 'मी शिक्का मारला' यात बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही, म्हणून पडले, गेले, थांबले, जाते, बघते असली रूपं पकडा.)

दुसरं म्हणजे करणं आणि होणं. एक टेस्टर मजेत खेळत होती, "माझी बायको उपाशी आहे रे बाबा, चला पटपट," असं म्हणत हसतही होती, सगळं 'मी' आणि 'माझं' चाललं होतं. परमिट नसलेली ती बाई आली. तिने बराच वेळ माउस हलवला नाही, मग लाल शिक्का मारला आणि म्हणाली, "रिजेक्ट झाली ती." मी आधीच्या नोंदी चाळल्या, त्या क्षणापर्यंत ती प्रत्येक वेळी 'रिजेक्ट केलं' म्हणत होती. इथे एकदम 'झाली'. कर्ताच गायब! पुढच्या माणसाला पुन्हा 'रिजेक्ट केलं'. मला हे अर्धं पान मुलाखतीपेक्षा जास्त सांगून गेलं, कारण नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला काही विशेष वाटलं नाही, गेमच आहे ना.

याची मर्यादाही सांगून टाका. चार-पाच जणांच्या बोलण्यावरून काही सिद्ध होत नाही, काही जण मोठ्याने बोला म्हटल्यावर नाटकी होतात, काही पूर्ण इंग्रजीत शिरतात, आणि 'आपण' हा शब्द आला की ते 'मी' आहे की 'आपण दोघं' हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं. पण सेमिनारसाठी हे तुमचं स्वतःचं निरीक्षण असेल, कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही.

एक गैरसमज आधीच काढून टाका, परीक्षकांपैकी कुणीतरी नक्की म्हणणार की आयडेंटिफाय व्हायला पात्र आपल्यासारखं असावं लागतं. तसं नाहीये. एड्रियन शॉ या गेम अभ्यासिकेने खेळणाऱ्यांशी बोलून हेच तपासलं आणि लोकांचं पात्राशी नातं फक्त लिंग-वंश-दिसणं यावरून ठरत नाही असं मांडलं. आपला इन्स्पेक्टर तर आपल्याला धड दिसतही नाही, बूथच्या आतून आपणच बघत असतो. नातं जडतं ते कामातून. आणि काम अंगात किती भिनतं हे बघायचं तर स्कॅनरचा प्रसंग घ्या: पासपोर्टवरचं लिंग आणि समोरचा माणूस जुळत नाही असं वाटलं की तुम्ही त्याचं अंग स्कॅन करता आणि त्याचा उघडा फोटो टेबलावर येतो (सेटिंगमध्ये हे झाकता येतं, सेमिनारला आठवणीने झाका). पहिल्यांदा लोक दचकतात. दहाव्यांदा 'चला, जुळतंय' म्हणून पुढे जातात. दचकणं कधी थांबलं हे त्यांना विचारा, बहुतेकांना सांगता येत नाही.

थिअरीवाले परीक्षक असतील तर स्टुअर्ट हॉल या माध्यम अभ्यासकाचं 1973 चं एन्कोडिंग-डीकोडिंग निघणारच, संदेश पाठवणारा एक अर्थ भरतो, घेणारा तो तसाच घेतो, थोडा वाकवतो किंवा उलटवतो. इथे नुसतं लागू करून मोकळे होऊ नका, कारण गेममध्ये ते अडखळतं आणि ते अडखळणंच तुमचा मुद्दा आहे. या गेममध्ये प्रेषक दोन आहेत. एक आर्स्टोट्स्काचं मंत्रालय, जे रोज सकाळी हुकूम पाठवतं, आणि दुसरा पोप, जो त्या मंत्रालयाकडे बोट दाखवतोय. मंत्रालयाचं निमूट ऐकणारा प्लेयर पोपचं म्हणणं उलटवतोय का? उलट बहुतेक वेळा तोच ते सगळ्यात नीट अनुभवतो, कारण आपण किती सहज आज्ञाधारक झालो हे त्यालाच कळतं. आणि पहिल्या दिवसापासून बंडखोरी करणारा, नियम मोडत दंडात बुडून लवकर गेम संपवणारा, त्याला त्या सापळ्याची चव कमीच मिळते. म्हणजे 'वागणूक' आणि 'वाचन' हे गेममध्ये वेगळे मोजावे लागतात. हॉलचा प्रेक्षक टीव्हीसमोर बसलेला होता, त्याला फक्त वाचायचं होतं.

यावर येणारा सगळ्यात टोकदार प्रश्न मात्र वेगळा असेल, आणि तो रास्त आहे: नियमच सगळं बोलत असतील तर प्लेयर म्हणजे नुसता पोस्टमन झाला का? मिगेल सिकार्ट या गेम अभ्यासकाने 2011 मध्ये बोगोस्टच्या बाजूच्या लोकांवर जवळजवळ हाच आक्षेप घेतला, की अर्थ नियमांत आधीच भरलेला असतो असं धरलं तर खेळणाऱ्याच्या खेळण्याला काही जागाच उरत नाही. मी पूर्वी बोगोस्टच्या बाजूची होते, पाण्याच्या गेमनंतर मधे सरकले. कारण त्या सहा जणांतली एक मुलगी आठवते जी स्कोअर पडत असताना रोज न चुकता शेवटच्या तंबूपर्यंत चालत गेली. मी विचारलं का, तर म्हणाली, "मला त्यांच्या म्हशीचं पुढे काय झालं ते ऐकायचंय." नियम तिला सांगत होते की जाऊ नको. ती गेली. आमच्या गेममधला सगळ्यात न्याय्य दिवस तिचा होता आणि स्कोअर सगळ्यात कमी.

वेळेचं म्हणाल तर, वीस मिनिटांत पहिली तीन मिनिटं लाइव्ह खेळा, स्वतः नको, वर्गातल्या कुणालातरी बसवा आणि त्याला बोलायला लावा. सेव्ह पाचव्या दिवशीच लावून ठेवा. ती बाई आली की तुम्ही गप्प बसा, वर्ग आपोआप ओरडायला लागतो, सोड, नको सोडू, आणि तेवढ्यात खेळणारा काय म्हणतो ते फळ्यावर लिहून घ्या. केलं म्हणतोय की झालं म्हणतोय, तिथून पुढचं बोलणं सुरू करा. मशीनची ती करकर सगळ्यांना ऐकू यायला हवी, तेव्हा स्पीकर आधी तपासा.